चिपळ्यांचा ठोका आणि सव्वाचार एमबी

प्रश्न: कानबाईच्या गाण्याचं रेकॉर्डिंग केलं. स्टुडिओवाल्याने दिलेली वेव्ह फाइल ४७ एमबीची आहे आणि तेच गाणं एमपी३ मध्ये सव्वाचार एमबी. बाकीचे एमबी गेले कुठे? पुतण्या म्हणतो १२८ मध्ये मजा जाते, ३२० च पाहिजे. मला तर काहीच फरक येत नाही. माझे कान गेले की तो थापा मारतोय?

उत्तर:

भाऊ, तुमचे कान शाबूत आहेत, आणि पुतण्याही खोटं बोलत असेलच असं नाही. तुम्ही दोघं बहुधा गाण्याची वेगवेगळी जागा ऐकताय. मी धुळ्यात २२ वर्षं रेकॉर्डिंग करतोय. भजनी मंडळं, लग्नाची गाणी, अहिराणी अल्बम, सगळं केलं. या काळात हा वाद माझ्या काचेपलीकडे इतक्यांदा झाला, की आता कोणी ‘३२०’ म्हणालं की मी आधी विचारतो, गाण्यात टाळ-चिपळ्या आहेत का? का विचारतो, ते पुढे कळेल.

आधी एमबीचा हिशोब. वेव्ह फाइलमध्ये आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगळी, आणि प्रत्येक नोंदीला १६ बिट लागतात. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट. तुमचं गाणं साडेचार मिनिटांचं असणार, कारण तेवढ्या वेळाचे बरोबर ४७.६ एमबी होतात. १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १ लाख २८ हजार बिट. तेवढ्यात भागवायचं तर एका नोंदीच्या वाट्याला १६ च्या जागी दीड बिटसुद्धा येत नाही. अकरा पोती माल एका पोत्यात बसवल्यासारखं हे आहे, आणि तरी तुम्हाला फरक आला नाही. मला विचाराल तर नवल त्याचंच वाटायला हवं.

हे कसं जमतं, याबद्दल एक अर्धवट गोष्ट सगळीकडे सांगितली जाते: ‘माणसाला ऐकू न येणारे आवाज एमपी३ काढून टाकतं.’ काही प्रमाणात ते होतं. १२८ वर साधारण १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारे प्रोग्रॅम, सरळ कापतात. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना १५ हजारांच्या वरचं तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे त्याचं दुःख नको. पण एवढ्या कापाकापीने अकरा पोत्यांचं एक पोतं होत नाही. खरी बचत होते ती आकडे ढोबळ करून. आणि आकडा ढोबळ केला की खऱ्या आणि ढोबळ आकड्यातला फरक गाण्यात खरखर होऊन शिरतो. म्हणजे एमपी३ आवाज नुसता काढत नाही, गाण्यात नवा कचराही टाकतं. त्याची सगळी हुशारी तो कचरा तुमच्या कानाला सापडू नये अशा जागी टाकण्यात आहे.

ती जागा शोधतात कशी? गाण्याचे बारीक तुकडे पाडतात. एमपी३ मध्ये एका तुकड्यात ५७६ नोंदी, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंद. सांधा ऐकू येऊ नये म्हणून शेजारचे तुकडे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एकेका मापात २६ मिलिसेकंदांचा आवाज येतो. मग त्या तुकड्यात खर्जापासून तारापर्यंतच्या ५७६ पट्ट्यांत कुठे किती जोर आहे ते मोजतात. इथपर्यंत फारसं काही गमावलेलं नसतं, फक्त मांडणी बदललेली असते.

आता कानाचा स्वभाव. भुसावळ जंक्शनला फलाटाशेजारी मालगाडीचं डिझेल इंजिन घरघरत उभं असलं, की शेजारचा माणूस जाड आवाजात काय बोलतोय ते कळत नाही, पण लांबून येणारी चहावाल्याची टिपेची हाक बरोबर कानात शिरते. मोठा आवाज आपल्या जवळपासच्या पट्टीतले लहान आवाज गिळतो, लांबच्या पट्टीतले सोडून देतो. आणि तो वरच्या बाजूला जास्त गिळतो, खालच्या बाजूला कमी. दुसरा स्वभाव वेळेचा. मोठा ठोका पडून गेल्यावर कान शंभर-दीडशे मिलिसेकंद जरा बधिर असतो, त्या वेळातलं बारीकसारीक त्याला लागत नाही. ठोक्याच्या आधीचंही थोडं झाकलं जातं, पण ते जेमतेम चार-पाच मिलिसेकंदांपुरतंच. हा चार-पाचचा आकडा ध्यानात ठेवा, भांडण तिथेच आहे.

एन्कोडरमध्ये या स्वभावाचा तक्ता असतो. प्रत्येक तुकड्यासाठी तो हिशोब करतो, की कोणत्या पट्टीत किती खरखर खपून जाईल. मग जिथे कान जागा आहे तिथे जळगावच्या सराफाचा काटा लावतो, आणि जिथे मोठ्या आवाजाचं पांघरूण आहे तिथे कापसाचा वजनकाटा. सराफाकडे मिलिग्रॅम मोजतात, कापूस खरेदीत शे-दोनशे ग्रॅमचं कोणी नाव घेत नाही. एक बिट कमी केला की खरखर साधारण ६ डेसिबलने वाढते, आणि पांघरूण २० डेसिबलचं असेल तर तीन बिट वाचवूनही कानाला पत्ता लागत नाही. शेवटी उरलेले आकडे हफमन कोडने बांधतात, नेहमी येणाऱ्या आकड्याला छोटी खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. त्यात नुकसान काही नाही, ती नुसती घडी घालणं आहे.

तर मग हे फसतं कुठे? जिथे पांघरूण नाही तिथे. तुमच्या गाण्यात बायकांचा कोरस आहे, ढोलकी आहे, पेटी आहे. सगळं भरून वाजत असताना पांघरूणच पांघरूण असतं. पण चिपळ्यांचा एकच ठोका शांततेत पडला, की घोटाळा होतो. खरखर जी शिरते ती एखाद्या क्षणाला शिरत नाही, त्या सगळ्या २६ मिलिसेकंदांच्या मापावर पसरते. समजा ठोका मापाच्या शेवटाकडे पडला. ठोक्यासाठी आकडे ढोबळ केले, त्याची खरखर ठोक्याच्या आधीच्या पंधरा-वीस मिलिसेकंदांतही गेली, आणि तिथे तर शांतता होती. कान आधीचे चार-पाच मिलिसेकंदच झाकतो. उरलेलं उघडं पडतं. त्यामुळे ‘टक्’ च्या जागी ‘च्छक्’ ऐकू येतं, म्हणजे चिपळी वाजायच्या आधी कोणीतरी वाळूवर पाय घासल्यासारखं. याला प्री-एको म्हणतात. स्पेनकडच्या कॅस्टानेट नावाच्या वाद्याने जगभरचे एन्कोडर तपासतात ते याचसाठी, आणि आपल्या चिपळ्या त्याच जातीच्या.

एन्कोडर बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून ठोका येतोय असं दिसलं की एमपी३ मोठा तुकडा सोडून तिप्पट लहान तुकडे घेतं, १९२ नोंदींचे, साधारण ४.४ मिलिसेकंदांचे. मग खरखर कमी पसरते. पण लहान तुकड्यांना बिट जास्त लागतात. त्यासाठी सोप्या तुकड्यांत वाचलेले बिट बाजूला टाकायचा एक गल्ला असतो. तो गल्ला मात्र फक्त ५११ बाइटचा. १२८ वर एका चौकटीला, म्हणजे दोन तुकड्यांच्या जोडीला, साधारण ४१७ बाइट मिळतात. म्हणजे गल्ल्यात जेमतेम एका चौकटीपेक्षा थोडी जास्त उधारी निघते. शांततेनंतरचा पहिला ठोका त्यावर निभतो, जलद लयीत लागोपाठ ठोके आले की गल्ला रिकामा होतो.

मागच्या श्रावणात शिरपूरकडच्या एका मंडळाचं कानबाईचं गाणं माझ्याकडे झालं. त्यात १ मिनिट १२ सेकंदांवर कोरस थांबतो, क्षणभर काहीच नाही, मग नुसत्या चिपळ्या आणि त्यानंतर ढोलकी येते. मी मूळ वेव्ह आणि १२८ चं एमपी३ ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक ठेवून खूप मोठं करून पाहिलं. मूळ फाइलमध्ये ठोक्याआधी रेघ जवळजवळ सपाट. एमपी३ मध्ये त्याच जागी रेघेला बारीक कुसळं आलेली. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याशी कुसळं जास्त. तुम्हीही हे करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे आणि डोळ्यांना पटतं.

पण डोळ्यांना पटलं म्हणजे कानांना कळलं असं नाही. म्हणून मी स्वतःची परीक्षा घेतली. हेडफोनवर, रात्री, पंखा बंद करून. चिपळ्यांचा तेवढाच तीन सेकंदांचा तुकडा, मूळ विरुद्ध १२८: १६ पैकी १५ वेळा बरोबर ओळखलं. तोच तुकडा १९२ वर: १६ पैकी ९. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. आणि कोरस भरून वाजतो तो भाग १२८ वर: १६ पैकी ८. २२ वर्षं हेच काम करणाऱ्या कानाची ही अवस्था. त्या मंडळातल्या एका आजीला चिपळ्यांचा तुकडाही दोन्हीकडून ऐकवला. त्या म्हणाल्या, “दोन्ही सारखंच शे ना, भाऊ.” मग मी त्यांना सांगितलं, की ठोक्याकडे नको, ठोक्याच्या आधी लक्ष द्या. चार-पाच वेळा ऐकल्यावर त्यांना ते घासणं सापडलं. याचा अर्थ कान सामान्य असला तरी चालतो, काय ऐकायचं ते माहीत असावं लागतं. माझं मत विचाराल, तर त्यांना ते दाखवून मी त्यांचं नुकसानच केलं.

आता पुतण्याची परीक्षा घ्या, पण नीट घ्या. तो जर फाइलचं नाव बघून ऐकत असेल तर ती परीक्षा नाही. लॅपटॉपवर `lame` हा एन्कोडर टाकून मूळ फाइलवरूनच एमपी३ बनवा आणि ते उलगडून पुन्हा वेव्ह करा, म्हणजे दोन्ही फाइली बाहेरून सारख्या दिसतील:

```
lame -b 128 gane.wav gane128.mp3
lame --decode gane128.mp3 gane128.wav
```

मग `foobar2000` मध्ये एबीएक्सचं कंपोनंट घालून दोन्ही वेव्ह द्या. त्यात अ आणि ब कोण ते माहीत असतं, क्ष मात्र दर वेळी गुपचूप बदलतं. पुतण्याने सांगायचं, क्ष हा अ आहे की ब. हवं तितक्यांदा मागेपुढे ऐकायची मुभा, घाई नाही. एकूण १६ फेऱ्या, आणि हा आकडा आधीच ठरवून ठेवायचा. १२ किंवा जास्त बरोबर आल्या तर मान्य करा, कारण नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता शंभरात चारच्या आत आहे. १० आल्या तर काही सिद्ध झालं नाही. ‘आज मूड नव्हता, पुन्हा घेऊ’ असं म्हणत पाच वेळा परीक्षा देऊन त्यातली बरी धरायची नाही. पोरं तेच करतात.

घरगुती परीक्षेत दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली आवाजाच्या पातळीची. दोन ॲपवर तेच गाणं लावून ‘यावर भारी वाजतं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण फक्त जोर ऐकत असतात. एक बाजू अर्धा डेसिबल जरी मोठी असली तरी ती ‘मोठी’ वाटत नाही, ‘स्पष्ट’ आणि ‘भरदार’ वाटते. एन्कोडरही कधी कधी पातळी किंचित खाली आणतो, म्हणून परीक्षेआधी दोन्ही वेव्हची पातळी सारखी आहे ना, ते तपासून घ्या.

दुसरी फसगत खोट्या ३२० ची. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं तेव्हापासून हा प्रकार आहे. कोणीतरी यूट्यूबवरून गाणं ओढतो, ते आधीच एकदा आवळलेलं असतं, त्याचं ३२० चं एमपी३ करतो आणि नावात मोठ्या अक्षरात ३२० लिहितो. गेलेलं परत येत नाही, वर दुसऱ्यांदा आवळल्याची खरखर चढते, फाइल मात्र अडीच पट. ओळखायचं असेल तर `Spek` नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाका. खरं ३२० असेल तर रंग साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत चढलेला दिसतो. १६ हजारांवर फूटपट्टीने कापल्यासारखी सरळ रेघ असेल, तर बहुतेक वेळा तो माल आधी कुठेतरी १२८ मधून आलेला असतो. पुतण्याच्या मोबाइलमधली चार-पाच गाणी अशी तपासा. त्याचं ‘३२०’ बऱ्याचदा तुमच्या १२८ पेक्षा वाईट निघेल.

कोणी चलाख माणूस तुम्हाला आणखी एक खेळ दाखवेल. मूळ गाण्यातून एमपी३ वजा करायचं आणि उरलेलं ऐकवायचं. भुतासारखं कुजबुजतं गाणं ऐकू येतं आणि माणूस हादरतो, ‘एवढं सगळं गेलं!’ पण हे उरलेलं तुम्ही पांघरूण काढून ऐकताय. गाण्याच्या सोबत ते ऐकू येत नाही म्हणूनच तर तिथे टाकलेलं. त्या खेळावरून काहीच ठरत नाही.

आणि तुमचे श्रोते ऐकणार कशावर? यूट्यूब एमपी३ देतच नाही. तिथे साधारण १२८ च्या आसपासचे एएसी आणि ओपस चालतात. स्पॉटिफायवर पैसे भरणाऱ्याला योजनेप्रमाणे ३२० चं ऑग व्हॉर्बिस मिळू शकतं, ॲपल म्युझिकवर साधारणपणे २५६ चं एएसी. हे सगळे एमपी३ च्या नंतरचे. एएसीचे लहान तुकडे १२८ नोंदींचे, तीन मिलिसेकंदांच्या आत, त्यामुळे चिपळ्यांना एएसी त्याच आकड्यावर जास्त सांभाळतं. म्हणून ‘१२८’ हा आकडा एकटा काही सांगत नाही, कशाचे १२८ ते विचारायचं. वर ब्लूटूथचा इअरफोन असेल तर फोन तेच गाणं पुन्हा एकदा एसबीसी किंवा एएसीमध्ये आवळून पाठवतो. एसटीत खिडकीशेजारी बसून, नाहीतर ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला इंजिनचं पांघरूण फुकट मिळतं, तिथे ६४ वरही कोणी तक्रार करणार नाही.

तक्रार येते ती वेगळ्याच कारणाने. एका गायकाचं गाणं स्टुडिओने एमपी३ मध्येच दिलं. त्याने ते मोबाइलच्या व्हिडिओ ॲपमध्ये टाकलं, व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून भावाला पाठवला, भावाने तोच यूट्यूबवर चढवला. म्हणजे आधीचं एमपी३, मग ॲप, व्हॉट्सॲप, यूट्यूब, असं चार वेळा आवळलं. दर वेळी एन्कोडर आधीची खरखर खरं संगीत समजून तिच्यावरही बिट खर्च करतो. शेवटी टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे झाले होते आणि कोरसमधला ‘स’ शिट्टी मारत होता. हा फरक मात्र तुम्हाला, मला, आजींना, सगळ्यांना पहिल्याच ऐकण्यात कळतो.

तुमच्याकडे ४७ एमबीची फाइल आहे ना? तीच वितरकाला द्या, व्हिडिओतही तीच घाला, आणि पाठवायची झाली तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हची लिंक करून पाठवा. सव्वाचार एमबीवाली नातेवाइकांना वाटायला ठेवा. फक्त एकदा स्टुडिओवाल्याला विचारा, की मास्टरचा ट्रू पीक, म्हणजे आवाजाची सगळ्यात वरची पातळी, किती ठेवलाय. डीजेवर दणका बसावा म्हणून गाणं शून्य डेसिबलपर्यंत दाबून भरलेलं असेल, तर ढोबळ केलेले आकडे परत उलगडताना शून्याच्या वर जातात आणि ढोलकीच्या थापेला चर्रकन फाटतात. तो दोष १२८ आणि २५६ दोन्हींवर येऊ शकतो. उणे १ डेसिबलवर थांबवून नवी वेव्ह काढून द्यायला सांगा. ज्याच्याकडे प्रोजेक्ट उघडा आहे त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.